मिनिटाला एक टका

२३ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या साभारमध्ये राणा प्लाझा नावाच्या आठ मजली इमारतीला भेगा पडल्या. इमारतीत खाली दुकानं होती, एका खासगी बँकेची शाखा होती आणि वर कपडे शिवणारे पाच कारखाने होते. एका इंजिनिअरने येऊन पाहिलं आणि इमारत रिकामी करा म्हणून सांगितलं. त्या दिवशी सगळ्यांना बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी बँक उघडली नाही, दुकानंही उघडली नाहीत. कारखाने मात्र उघडले. कामगार दाराशी जमले होते, आत जायला बिचकत होते. आत या, नाहीतर महिन्याचा पगार विसरा, असं त्यांना सांगण्यात आलं. एप्रिल संपत आला होता, त्या महिन्याचा पगार अजून हातात पडायचा होता. ते आत गेले. नऊच्या सुमाराला वीज गेली, वरच्या मजल्यांवरचे जनरेटर धडधडायला लागले आणि इमारत बसली. ११०० हून जास्त माणसं गेली.

त्यांना कुणी बांधून आत नेलं नव्हतं. म्हणजे 'कामगार स्वतःहून आले' हे विधान काटेकोर अर्थाने खरं आहे. बँकेतल्या कारकुनालाही ती भेग दिसली होती आणि शिलाई मशीनवरच्या बाईलाही. कारकुनाला धाडस दाखवायची वेळच आली नाही, कारण त्याच्या मालकाने शाखा बंद ठेवली. बाईला मात्र एका पारड्यात भेग आणि दुसऱ्या पारड्यात महिन्याचा पगार ठेवून निवड करायला लावलं गेलं. गरीब देशांतल्या कमी पगाराच्या कारखान्यांबद्दल बोलताना 'पण त्यांनी नोकरी राजीखुशीने घेतली ना?' हा प्रश्न हमखास येतो. तो आला की मला साभारचं ते दार आठवतं. तरीही हा प्रश्न फालतू नाही. तो विचारणारे सगळेच मालकांचे वकील नसतात, आणि त्यांच्या बाजूला भक्कम पुरावा आहे.

तो आधी पाहू. १९९३ मध्ये अमेरिकेत एक विधेयक चर्चेत होतं. बालमजुरांच्या हातून बनलेला माल अमेरिकेत येऊ द्यायचा नाही, असा त्याचा आशय होता. विधेयक मंजूर व्हायच्या आधीच बांगलादेशातल्या कारखानदारांनी धसका घेतला आणि मुलांना धडाधड कामावरून काढलं. युनिसेफच्या अंदाजाप्रमाणे काढलेल्या मुलांचा आकडा पन्नास हजारांच्या घरात होता. मुलं शाळेत गेली का? बहुतेक नाही. पुढे शोध घेतला तेव्हा त्यातली बरीच खडी फोडताना, रस्त्यावर वस्तू विकताना आणि काही तर वेश्याव्यवसायात सापडली. कारखान्यापेक्षा वाईट आणि कमी पैशांच्या कामांत. १९९५ मध्ये कारखानदारांची संघटना, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी करार करून मुलांसाठी शाळा आणि थोडा भत्ता अशी सोय केली, तेव्हा कुठे थोडं सावरलं. दूरच्या सुखवस्तू माणसांनी नाक मुरडलं की त्याची किंमत कोण मोजतं, हे यातून कळतं.

दुसरा पुरावा जास्त आशादायक आहे. रेचल हीथ आणि मुश्फिक मोबारक या अर्थतज्ज्ञांनी बांगलादेशात कापड कारखान्यांच्या जवळची आणि लांबची गावं ताडून पाहिली. कारखान्याजवळच्या गावांतल्या मुलींची लग्नं उशिरा होत होती, पहिलं मूल उशिरा होत होतं आणि त्या शाळेत जास्त वर्षं टिकत होत्या. कारखान्यात हिशेब येणारी, वाचता येणारी मुलगी लागते हे आईबापांना दिसलं की शाळेची किंमत बदलते. हे काम कष्टाचं आहे, पगार थोडा आहे, पण गावात राहून पंधराव्या वर्षी सासरी जाण्यापेक्षा ते कितीतरी बरं, असं एखादी मुलगी म्हणाली तर तिला तुझं शोषण होतंय असं ऐकवणं उद्धटपणाचं होईल.

इथवर मला मान्य आहे. कारखाना बंद पाडा, माल घेऊ नका, हा उपाय बहुतेक वेळा त्याच बाईच्या पोटावर येतो. पण इथून पुढे बचाव करणारे जी उडी मारतात ती मला पटत नाही. ते म्हणतात, नोकरी नसण्यापेक्षा नोकरी बरी, बाईला ते पटलं म्हणून तिने ती घेतली, तेव्हा यात शोषण कसलं?

मराठीत आपण म्हणतो, अडला हरी गाढवाचे पाय धरी. या म्हणीत हरीला कुणी मूर्ख म्हणत नाही. पाय धरण्यात त्याचा फायदा आहे हेही कुणी नाकारत नाही. पाय धरले नसते तर त्याचं जास्त नुकसान झालं असतं, म्हणून तर त्याने ते धरले. म्हणीचा रोख त्याच्या अडण्यावर आहे. अ‍ॅलन वर्थायमर या अमेरिकन तत्त्वज्ञाने हाच मुद्दा शास्त्रशुद्ध मांडला. त्याचं म्हणणं असं की व्यवहार दोघांनाही फायद्याचा असू शकतो, दोघांनाही मान्य असू शकतो, आणि तरीही त्यात एकाने दुसऱ्याच्या नडीचा गैरफायदा घेतलेला असू शकतो. संमतीवरून एवढंच कळतं की ही नोकरी तिच्या हातातल्या दुसऱ्या पर्यायापेक्षा बरी आहे. या व्यवहारातून झालेला नफा कुणाच्या पदरात किती पडला, यावर संमती काहीच बोलत नाही.

मग तोच हिशेब करू. २०२३ च्या डिसेंबरपासून बांगलादेशात कापड कारखान्यातल्या सगळ्यात खालच्या श्रेणीच्या कामगाराचं किमान वेतन महिना १२,५०० टका झालं. टका हे तिथलं चलन, तेव्हा साधारण ११० टक्यांना एक डॉलर होता. म्हणजे महिन्याला ११३ डॉलर. महिन्याचे कामाचे तास २०८ धरतात, रोजचे आठ आणि दिवस सव्वीस. भागाकार केला तर तासाला साठ टका येतात. मिनिटाला एक.

हा 'मिनिटाला एक टका' दर हिशेबाला फार सोयीचा आहे, कारण या धंद्यात सगळं मिनिटांतच मोजतात. प्रत्येक कपड्याला ठरावीक मिनिटं असतात. बाही जोडायला इतकी, गळपट्टी बसवायला इतकी, खालची घडी मारायला इतकी. साध्या टी-शर्टला मिळून सातेक मिनिटं लागतात असं समजा. ही मिनिटं कागदावरची. प्रत्यक्षात लाइन थांबते, धागा तुटतो, नवी ऑर्डर लागली की हात बसायला वेळ जातो. निम्म्या कार्यक्षमतेने लाइन चालली तर सातची चौदा मिनिटं होतात. चौदा मिनिटं, चौदा टका. कापणी, इस्त्री, तपासणी, पॅकिंग आणि अनुभवी कारागिरांना किमान वेतनाच्या वर मिळणारे चार पैसे हे सगळं सढळ हाताने धरून पंचवीस टका म्हणू. तेवीस सेंट. तोच टी-शर्ट श्रीमंत देशातल्या दुकानात आठ-दहा डॉलरला विकला जातो.

यावर लगेच म्हणावंसं वाटतं की मजुरी दुप्पट करा, टी-शर्ट फक्त तेवीस सेंटने महागेल, कुणाच्या लक्षातही येणार नाही. हे गणित थोडं फसवं आहे. साखळीतला प्रत्येक जण आपला वाटा टक्केवारीने लावतो. कारखान्याच्या दारात तेवीस सेंट वाढले की आयातदार, ब्रँड आणि दुकान आपापली टक्केवारी त्यावरही चढवतात आणि गिऱ्हाइकापर्यंत येईतो त्याचे साठ-सत्तर सेंट होऊ शकतात. तेही फार नाहीत, पण खरी अडचण वेगळीच आहे. कारखान्याला त्या टी-शर्टचे ब्रँडकडून समजा अडीच डॉलर मिळतात. त्यातला मोठा भाग कापडात जातो. मालकाच्या हातात राहणारा नफा शेकडा काही टक्केच असतो. तेवीस सेंट म्हणजे अडीच डॉलरचे नऊ टक्के. एकट्या मालकाला सद्बुद्धी झाली आणि त्याने पगार दुप्पट केले, तर त्याचा नफा पुसला जाईल आणि पुढची ऑर्डर शेजारच्या कारखान्यात जाईल. 'ब्रँड भावच देत नाही' ही कारखानदारांची तक्रार निव्वळ कांगावा नाही. अर्थात ती तक्रार करणाऱ्यांच्या गाड्या मी फोटोंत पाहिल्या आहेत. पण रचना खरोखरच तशी आहे.

आणि नेमकं हेच 'संमती'च्या युक्तिवादाला भारी पडतं. जे मालकाचं, तेच बाईचं. ती एकटी म्हणाली की मी पंधरा हजारांखाली येणार नाही, तर दाराबाहेर उभी असलेली दुसरी साडेबारावर आत जाते. दोघींनाही पंधरा हजार मिळाले तर हवे आहेत. दोघींची साडेबाराला असलेली 'संमती' एकमेकींच्या भीतीतून आलेली आहे. सगळ्यांसाठी एकाच वेळी रेषा वर सरकली, तर त्यात कुणाच्या स्वातंत्र्यावर घाला येत नाही. एकेकीला जे जमत नव्हतं ते सगळ्यांना मिळून जमतं, इतकंच.

पगाराच्या चिठ्ठीकडे आणखी एकदा पाहा, कारण तिच्यात एक गंमत दडलेली आहे. १२,५०० पैकी मूळ वेतन ६,७०० च आहे. उरलेलं घरभाडं, औषधपाणी, प्रवास आणि जेवणाचे भत्ते. कायदा म्हणतो, ओव्हरटाइम दुप्पट दराने द्या. दुप्पट कशाच्या? मूळ वेतनाच्या. ६,७०० ला २०८ ने भागा आणि दुप्पट करा, तासाला ६४ टका होतात. साधा तास साठचा आणि 'दुप्पट' तास चौसष्टचा! नववा आणि दहावा तास थकलेल्या शरीराने करायचा, त्याचा खरा अधिकभाव चार टका. मालकाला नवा माणूस ठेवण्यापेक्षा आहे त्याच माणसाकडून जादा तास करून घेणं का परवडतं, हे यातून समजतं. आणि बाईही ओव्हरटाइम मागून घेते, कारण आठ तासांच्या पगारात घर चालत नाही. तिला विचारलं तर ती म्हणेल, मीच मागितला. तेही खरं.

आता मला जो फरक सगळ्यात महत्त्वाचा वाटतो त्याकडे येतो. पगार कमी आहे एवढ्यावरून मी शोषण म्हणणार नाही. गरीब देशात उत्पादकता कमी असते, रस्ते, वीज, बंदर सगळंच अडखळतं आणि पगार त्या मानाने खालीच राहतात. देशाच्या गरिबीचा दोष कारखानदाराच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. पण हरीचं अडणं हे ज्याच्या फायद्याचं आहे, तोच जर हरीला अडवून ठेवायला हातभार लावत असेल, तर मात्र दुसरा शब्द मला सापडत नाही.

२०२३ मध्ये ते १२,५०० कसे ठरले ते पाहा. किमान वेतन मंडळात मालकांच्या प्रतिनिधीने १०,४०० चा प्रस्ताव ठेवला आणि कामगारांच्या प्रतिनिधीने २०,३९३ चा. आधीचा आकडा २०१८ चा होता, ८,००० टका, आणि मधल्या पाच वर्षांत महागाईने त्याचा बराच लचका तोडला होता. मालकांचा आकडा ऐकून कामगार रस्त्यावर आले. गोळीबार झाला, कामगार मेले, हजारो अनाम कामगारांवर गुन्हे दाखल झाले. 'अनाम' हा शब्द लक्षात घ्या. गुन्ह्यात नाव नसलं की पुढे वर्षभर त्यात कुणालाही अडकवता येतं. युनियन काढायला निघालेल्या बाईला हे पुरेपूर कळतं. राणा प्लाझातल्या कारखान्यांत युनियन नव्हती. असती, तर त्या सकाळी दारात 'आम्ही आत येत नाही' असं कुणाला तरी सगळ्यांच्या वतीने म्हणता आलं असतं. वाटाघाटीचं दार बंद ठेवायचं आणि मग 'तिने आहे त्या अटी मान्य केल्या' असं म्हणायचं, यात संमतीचा आदर कुठे आहे?

पगार वाढवला तर कारखाने उठून जातील, ही धमकी कायम दिली जाते. कधीकधी ती खरीही ठरते, पण वाटते तितकी नाही. बांगलादेशातलं किमान वेतन २०१० मध्ये १,६६२ वरून ३,००० झालं, २०१३ मध्ये ५,३०० आणि २०१८ मध्ये ८,०००. त्याच काळात तयार कपड्यांची निर्यात २००९-१० मधल्या सुमारे साडेबारा अब्ज डॉलरवरून २०१८-१९ मध्ये चौतीस अब्जांवर गेली. पगारवाढीमुळे निर्यात वाढली असा माझा दावा नाही. पगारवाढीमुळे धंदा बुडाला नाही, इतकंच म्हणतो. इंडोनेशियाचा दाखला जास्त नेमका आहे. नव्वदच्या दशकात तिथे बूट आणि कपडे बनवणाऱ्या बड्या ब्रँडांच्या पुरवठादारांविरुद्ध बाहेरून मोठी मोहीम झाली. अ‍ॅन हॅरिसन आणि जेसन स्कॉर्स यांनी नंतर आकडे तपासले. मोहिमेचं लक्ष्य ठरलेल्या कारखान्यांत पगार इतरांपेक्षा बरेच वाढले होते. नफा घटला, गुंतवणूक घटली, काही छोटे कारखाने बंद पडले. पण एकूण रोजगारात ठळक घट त्यांना दिसली नाही. म्हणजे पगार वाढवायला जागा होती. ती आधी वापरली गेली नव्हती, कारण वापरायला भाग पाडणारं कुणी नव्हतं.

आणि संमतीचं वजन खरोखर किती, हे मोजून पाहिलेला एक प्रयोगही आहे. क्रिस्तोफर ब्लॅटमन आणि स्टेफान डेर्कॉन यांनी इथिओपियात पाच कंपन्यांना बरोबर घेतलं. जागा थोड्या आणि अर्ज जास्त, तेव्हा नोकरी कुणाला द्यायची हे चिठ्ठी टाकून ठरवलं. हजारेक अर्जदार होते. काहींना नोकरी मिळाली, काहींना काहीच नाही, आणि तिसऱ्या गटाला छोटा धंदा सुरू करायला सुमारे ३०० डॉलर आणि थोडं प्रशिक्षण. या अभ्यासकांची स्वतःची अपेक्षा होती की कारखान्याची नोकरी मिळालेल्यांचं भलं होईल. झालं असं की नोकरी मिळालेल्यांची कमाई बाहेर राहिलेल्यांपेक्षा वाढली नाही, गंभीर दुखणी मात्र वाढली. सुमारे एक तृतीयांश लोकांनी पहिल्याच महिन्यात काम सोडलं, वर्षअखेरीपर्यंत तीन चतुर्थांशांहून जास्त निघून गेले. ज्यांना पैसे मिळाले होते त्यांची कमाई पहिल्या वर्षी तेहतीस टक्क्यांनी जास्त होती. (पाच वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा तिन्ही गट जवळपास सारखे झाले होते. तीनशे डॉलरने जन्माचं कल्याण होतं, असं कुणी समजू नये.)

या प्रयोगाकडे दोन्ही बाजू आपापल्या सोयीने पाहतात. मला त्यातलं सोडून जाणं महत्त्वाचं वाटतं. ज्या दिवशी अर्ज केला त्या दिवशीची संमती अर्ध्या माहितीवरची होती. आत काय आहे ते आत गेल्यावरच कळलं, आणि ज्यांना दुसरं काही करणं शक्य होतं त्यांनी पायांनी मत दिलं. अशा ठिकाणी कमी पगाराला शोषण म्हणताना मी जरा कचरेन, कारण दार उघडं आहे आणि लोक त्यातून बाहेर पडत आहेत. कामगार टिकत नाहीत हा मालकाच्याही खिशाला बसणारा फटका आहे आणि तो आज ना उद्या त्याला पगार वाढवायला लावेल. उलट जिथे पगार थकवून ठेवलेला आहे, युनियनचं नाव काढलं की गुन्हा दाखल होतो, ओव्हरटाइमशिवाय घर चालत नाही आणि दाराबाहेर दुसरी बाई उभी आहे, तिथे कामगार वर्षानुवर्षं टिकतात. त्यांच्या टिकण्याला कुणी समाधान समजू नये.

राणा प्लाझा कोसळल्यावर काही आठवड्यांतच ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात इमारती आणि आग यांच्या सुरक्षिततेबद्दल एक करार झाला. पुढे दोनशेहून अधिक ब्रँड त्यात आले. आधीच्या गोड गोड आचारसंहितांपेक्षा तो वेगळा होता, कारण तो मोडला तर ब्रँडला लवादापुढे खेचता येत होतं. सुमारे दीड हजारांहून जास्त कारखान्यांची तपासणी झाली, खांब मजबूत केले गेले, कुलूपबंद जिन्यांच्या जागी उघडणारी दारं आली. तरी ब्रँड बांगलादेश सोडून गेले नाहीत. पगाराबद्दल त्या करारात अवाक्षर नव्हतं, ही त्याची मर्यादा. पण त्यात एक कलम होतं. इमारत धोक्याची आहे असं मानायला सबळ कारण असेल, तर आत जायला किंवा आत थांबायला नकार देण्याचा हक्क कामगाराला राहील, आणि त्यासाठी त्याचा पगार कापला जाणार नाही. २४ एप्रिलच्या सकाळी दारात जमलेल्या बायकांना एवढंच हवं होतं.